तळाशी बसलेलं पांढरं

इंद्रायणी सिस्टरची एक खोड अख्ख्या दवाखान्याला पाठ होती. लस कुठलीही असो आणि बाहेर रांग कितीही लागलेली असो, बाटली हातात आली की ती आधी खिडकीपाशी जायची. बाटली हलवायची, उजेडात धरायची, एक डोळा बारीक करून पाहायची आणि मगच सुई लावायची. लॅब सांभाळणारा कुंडलिक तर तिची हुबेहूब नक्कल करायचा. चहाचा ग्लास उजेडात धरून म्हणायचा, "थांबा राव, साखर विरघळलीय का बघू दे!" सगळे हसायचे. इंद्रायणीही हसायची, फक्त तिचं हसणं इतरांच्या आधी संपायचं.

नारायणगावाहून वारूळवाडीला जाणाऱ्या रस्त्यावरचा तो दहा खाटांचा दवाखाना. ती तिथं लागली तेव्हा तेवीस वर्षांची होती. घर वारूळवाडीतच, घरी आई झुंबरबाई आणि लग्नाची धाकटी बहीण आरती. वडील गेल्यापासून घरात येणारा पगार एकटा तिचाच. नर्सिंगच्या परीक्षेत ती पहिली आली होती, त्यामुळे डॉक्टर नव्या माणसांना सांगायचे, "हिच्या हाताखाली शिका. हिच्या हातून चूक होत नाही."

हे वाक्य ऐकलं की इंद्रायणीची मान खाली जायची. लोकांना वाटायचं, बाई किती नम्र आहे!

खोड लागली त्याला आता आठ वर्षं झाली होती, आणि ती का लागली हे फक्त तिला ठाऊक होतं.

सत्त्याण्णव साली डॉक्टरांनी ठरवलं, दवाखान्यातल्या सगळ्यांना काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बीची, लस द्यायची. रोज रक्त, रोज सुया. एखादी टोचली तर? तीन डोस होते. पहिला, मग महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. इंद्रायणी आणि कुंडलिकचे पहिले दोन डोस ऑगस्ट-सप्टेंबरात झाले. डिसेंबरात दुसरी पेटी आली, छोट्या छोट्या एकडोशी बाटल्यांची. त्यातून या दोघांचा तिसरा डोस व्हायचा होता, आणि जानेवारीत लागणाऱ्या दोन नव्या मावश्यांचे तिन्ही.

जानेवारीत पोलिओचा रविवार आला. सरकारी दवाखान्याचे लोक म्हणाले, "तुमच्या फ्रीजमध्ये बर्फाचे पॅक गोठवून द्याल का? आमच्याकडं जागा नाही." इंद्रायणीने पॅक कोंबले, काविळीच्या लसीची पेटी मागच्या गार पत्र्याला टेकवून सरकवली आणि फ्रीजचा गारवा वाढवायचा खटका थेट शेवटच्या आकड्यावर नेला. त्याच दिवशी आरतीच्या लग्नाचा बस्ता बांधायला घोडेगावला जायचं होतं. ती गेली, दोन दिवस राहिली. खटका मागं फिरवायचा राहून गेला.

परत आली तेव्हा बाटल्यांमध्ये बर्फाचे खडे झाले होते.

पोलिओची लस गोठवून ठेवतात. ही लस गोठली की मेली. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि इंद्रायणीने उत्तर बरोबर लिहिलं होतं. तरीही तिने बाटल्या बाहेर काढून वितळू दिल्या. एक हलवली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. चांगली लस हलवली की पातळ दुधासारखी सारखी दिसते आणि बराच वेळ तशीच राहते. हिच्यात कण कण दिसले. अर्ध्या तासात ते पांढरे कण तळाशी जाऊन बसले, वर नुसतं पाणी.

आदल्याच आठवड्यात सुया उकळायचं भांडं तिच्या हातून करपलं होतं. डॉक्टर सगळ्या पेशंटांसमोर म्हणाले होते, "एवढं होत नसेल तर घरी बस." बहिणीचं लग्न महिन्यावर आलेलं. ती स्वतःशीच म्हणाली, दूध गोठलं म्हणून काय पाणी होतं? औषध शेवटी औषधच. असं म्हणून तिने पेटी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात नीट मांडून ठेवली, आणि फेब्रुवारीत त्यातली पहिली बाटली खसाखसा हलवून एका नव्या मावशीच्या दंडात टोचली.

ती मावशी म्हणजे प्रयागबाई.

प्रयागबाई आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेची, डोंगरातली. भात-नाचणीचं घर. नवऱ्याला नारायणगावच्या बाजारात हमालीचं काम मिळालं, म्हणून खाली उतरलेली. अंगाने काटक, जिभेने त्याहून. तिच्याबरोबरच लागलेली दुसरी मावशी गोजरबाई. ती बोरी बुद्रुकची, दिवसातून चार शब्द बोलणारी. पहिल्या डोसाला प्रयागबाईने दंड पुढं केला आणि म्हणाली, "टोचा ताई. आमच्याकडं सुई बगून मानसं रानात पळत्यात. मी तशी न्हाई."

तिन्ही वेळा ती हसत आली. इंद्रायणीने तिन्ही वेळा कार्डावर तारीख लिहिली आणि सही केली. गोजरबाईचंही तसंच. स्वतःचा आणि कुंडलिकचा तिसरा डोसही तिने त्याच पेटीतून उरकला. पेटी संपली. रिकामं खोकं तिने स्वतःच्या हाताने जाळलं.

त्यानंतर खिडकीची खोड लागली. आठ वर्षं ती जगातली प्रत्येक बाटली तपासत राहिली. जिच्याबद्दल बोलायला हवं होतं, त्या पेटीबद्दल मात्र तिने कुणाला काही सांगितलं नाही.

दोन हजार सहाचा नोव्हेंबर. सकाळचे नऊ वाजले असतील. सहा नंबरच्या खाटेवर टोमॅटोच्या गाडीवरचा एक ड्रायव्हर होता, डोळे हळदीसारखे पिवळे. त्याचा रिपोर्ट परवाच आला होता, हिपॅटायटिस बी. कुंडलिकने त्याचं रक्त काढलं आणि घाईत सुई कापसाच्या बोळ्यातच राहिली. प्रयागबाई ट्रे उचलायला आली.

"आई गं!"

इंद्रायणी धावली. प्रयागबाईच्या उजव्या अंगठ्यावर रक्ताचा थेंब उभा राहिला होता आणि ती अंगठा तोंडाकडं नेत होती.

"तोंडात घालू नका!" इंद्रायणी इतक्या जोरात ओरडली की ड्रायव्हर उठून बसला.

"अवं, एवढं काय? काटा टोचल्यावानी तर हाये."

"साबण. नळाखाली धरा. दाबू नका, पिळू नका. नुसतं पाणी सोडा."

"पानी वाया चाललंय नुस्तं," असं म्हणत प्रयागबाईने अंगठा नळाखाली धरला. कुंडलिक दारात पांढराफटक उभा होता. "मावशी, चुकलं माझं. देवाशपथ चुकलं."

"तुजी शप्पत ऱ्हाऊ दे. कापसात सुई ठेवतोस, उद्या भाजीत ठेवशील!"

डॉक्टर आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हिचं लसीचं कार्ड?"

कपाटातल्या जुन्या फाइलीतून कार्ड निघालं. पिवळं पडलेलं, कोपरे दुमडलेले. तीन तारखा, तिन्ही अठ्ठ्याण्णव सालातल्या, तिन्हीवर एकाच हाताची सही.

"तिन्ही डोस झालेत." डॉक्टरांनी श्वास सोडला. "सिस्टर, तिन्ही तूच दिलेस ना?"

"हो."

"मग निम्मी चिंता मिटली."

खोटं तर ती काही बोलली नव्हती. डोस तिनेच दिले होते. पण मधल्या बोटाच्या पेराला आठ वर्षांपूर्वीचा गारपणा जाणवला, गोठलेल्या बाटलीचा. तिने हात पदराला पुसला.

डॉक्टरांनी प्रयागबाईचं रक्त काढून घेतलं आणि कुंडलिकला दहाच्या एसटीने पुण्याला धाडलं. रक्तात काविळीविरुद्धच्या अँटिबॉडी किती आहेत ते मोजायचं होतं. उत्तर उद्या फोनवर येणार होतं.

संध्याकाळी घरी झुंबरबाईने ताट वाढलं. इंद्रायणीने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून ठेवला.

"काय झालं गं? कुणी काय बोललं का?"

"नाही."

"मग?"

"काहीच नाही बोललं कुणी, आई. तेच तर."

झुंबरबाईला काही कळलं नाही. तिने ताटावर दुसरं ताट झाकलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास फोन आला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, 'हं, हं' म्हणाले आणि फोन ठेवला. समोर स्टुलावर प्रयागबाई, दाराशी पुण्याहून रात्रीच परतलेला कुंडलिक, फ्रीजपाशी इंद्रायणी.

"प्रयागबाई, तुमच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या नाहीत. शून्यच म्हणा."

"म्हंजी मी मेले?"

"अहो, मरायला काय झालंय! आठ वर्षं झाली, अँटिबॉडी कमी होतातच. नीट ऐका. तुम्ही नारायणगावात राहता, तमाशाचे फड पाहिलेत ना?"

"पायलेत की! पाडव्याला राहुट्या लागत्यात तवा माजा नवरा घरी कुटं असतोय!"

कुंडलिक हसू दाबत खाली बघू लागला.

"हंगामात रोज खेळ असतो," डॉक्टर म्हणाले. "ढोलकी, दिवे, गर्दी. हंगाम संपला की तंबू उतरतो, माणसं आपापल्या गावी जातात. मैदानात जाऊन बघाल तर काही नाही. पण फड संपला का?"

"संपल कसा? मानसं हायेत की घरला."

"तसंच. अँटिबॉडी म्हणजे रंगात आलेला खेळ. तो आज बंद आहे. पण लस घेतली तेव्हा अंगातल्या काही पेशींची तालीम झाली. बी पेशी आणि टी पेशी म्हणतात त्यांना. त्यातल्या पुष्कळ नंतर मरून जातात, थोड्या मागं राहतात. कुणी हाडाच्या मगजात, कुणी गाठींमध्ये, प्लीहेत, कुणी रक्तात हिंडत. वर्षानुवर्षं. त्यांना तो विषाणू ओळखू येतो. पुन्हा दिसला की टी पेशी इशारा देतात, ढोलकीवाल्याने थाप मारावी तशा, आणि बी पेशी पटापट वाढून अँटिबॉडी सोडायला लागतात. चार-पाच दिवसांत खेळ उभा. वग पाठ असतो ना! आणि पहिल्यापेक्षा चांगला वठतो."

"आन् तालीमच झाली नसंल तर?" प्रयागबाईने सहज विचारलं.

"तर कोरी माणसं. आधी हजारांतून कोण कामाचा ते निवडा, मग शिकवा, मग उभं करा. दोन-तीन आठवडे जातात, आणि तरी पहिला खेळ पडेलच. ही कावीळ मात्र सावकाश चालते. तिला अंगात मूळ धरायला सहा आठवडे, कधी तीन-चार महिने लागतात. तालमीची माणसं तिच्या कितीतरी आधी उभी राहतात. म्हणून शून्य आलं तरी मी घाबरत नाही."

 त्यांनी पेन टेबलावर दोनदा आपटलं.

"एकच आहे. त्या वेळी तिसऱ्या डोसानंतर रक्त तपासलं असतं तर आज प्रश्नच नव्हता. पुण्याचा डॉक्टर म्हणतो, तयार अँटिबॉडीचं सिरमही टोचून टाका. ते पुण्याहूनच आणायला लागेल, तेही सहज मिळत नाही. पण तीन डोस नीट गेलेत. मी कार्डावर भरवसा ठेवतो. सिस्टर, एक बूस्टर दे हिला."

इंद्रायणीने फ्रीज उघडला. नव्या फ्रीजला आता आत थर्मामीटर होता, तिनेच बसवून घेतलेला. काटा पाच अंशांवर. तिने बाटली उचलली आणि पाय आपोआप खिडकीकडं वळले. बाटली हलवली. उजेडात धरली. आत पातळ दुधासारखं सारखं, एकही कण नाही.

"लई चांगली दिसती की ही," मागून प्रयागबाई म्हणाली. ती दंडावरची बाही वर सारून उभी होती. "त्या वक्ताला तुमी खिडकीशी गेला नव्हता, ताई."

"काय?"

"पैल्या डोसाला वो. मला चांगलं आठवतंय. तुमी तितंच उभ्या ऱ्हाऊन हलवत व्हता. लई येळ. मी मनात म्हनलं, ही पोर ताक घुसळतीय का काय! मधी जरा थांबलात की खाली पांढरं पांढरं बसाया लागायचं. परत हलवायचा." प्रयागबाई हसली. "मला वाटलं, नवं हाये, शिकतीय बिचारी."

कुंडलिक हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

इंद्रायणीने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.  आठ वर्षं तिने मनात हे वाक्य शंभर वेळा म्हणून पाहिलं होतं. कधी रडत, कधी पाया पडत. आता निघालं ते अगदी सपाट निघालं.

"डॉक्टर, ती लस गोठलेली होती."

"कुठली?"

"अठ्ठ्याण्णवची. दुसरी पेटी. पोलिओच्या रविवारी मी खटका वाढवला आणि कमी करायचा विसरले. मी हलवून बघितली होती. तळाला बसली होती. मला माहीत होतं. तरी टोचली."

 बाहेर एक पेशंट खोकत होता, तो आत आल्यासारखा ऐकू आला.

"तिन्ही?"

"यांचे तिन्ही. गोजरबाईंचेही तिन्ही. माझा आणि कुंडलिकचा तिसरा फक्त. आमचे पहिले दोन चांगल्या पेटीतले होते."

"बाहेरच्या कुणाला?"

"नाही. पेटी आपल्याच माणसांची होती."

डॉक्टर उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमी चढायचा, आज तो खाली गेला आणि ते जास्त भीतिदायक होतं. "काल मी तुला तोंडावर विचारलं. काल नऊ वाजता. सव्वीस तास गेलेत, इंद्रायणी. सिरम जितकं लवकर तितकं चांगलं, आणि तू सव्वीस तास गप्प राहिलीस. सुई लागलेल्या आणि तालीम नसलेल्या शंभरांतल्या तिसांपर्यंत माणसांना ही कावीळ होऊ शकते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"सगळंच माहीत असतं तुला!"

प्रयागबाई या दोघांकडं आळीपाळीने पाहत होती. मग तिने हळूच बाही खाली केली. "म्हंजी," ती म्हणाली, "माज्या अंगात फडच न्हाई. नुसतं मैदान."

"प्रयागबाई, मी..." इंद्रायणी पुढं झाली.

"थांबा सिस्टर."

आठ वर्षांत ती पहिल्यांदा 'ताई' म्हणाली नव्हती.

डॉक्टरांनी पुण्याला फोन लावला. कुंडलिकने तोंडही धुतलं नव्हतं, तो मोटारसायकलला किक मारून निघाला. जाताना इंद्रायणीपाशी थांबला. तिला वाटलं, काहीतरी जहरी बोलेल. तो एवढंच म्हणाला, "सुई मी ठेवली, ताई. पाप काय एकट्या तुमचं न्हाई." त्याने ते बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. तिला ते आणखी लागलं. त्याची चूक एका घाईची होती, तिची आठ वर्षांची.

बूस्टरचं इंजेक्शन डॉक्टरांनी स्वतः दिलं. दुपारी चारच्या सुमारास कुंडलिक बर्फाच्या डब्यासकट परतला आणि दुसऱ्या दंडात सिरम गेलं.

"हे काय?" प्रयागबाईने विचारलं.

"दुसऱ्या फडातली उसनी माणसं," डॉक्टर म्हणाले. "आजच्या आज खेळ लावतील. पण दोन-तीन महिन्यांत आपल्या गावी निघून जातील, तुमच्या माणसांना काही शिकवणार नाहीत. शिकवायला ही लस. एक आज झाली, दुसरी महिन्याने, तिसरी सहा महिन्यांनी. अगदी पहिल्यापासून."

"आठ वर्सांनी पैल्यापास्नं," प्रयागबाई म्हणाली. कुणाकडंही न पाहता.

इंद्रायणीने राजीनामा लिहिला. डॉक्टरांनी तो वाचून परत तिच्या हातात दिला. "जाऊन कुणाचं भलं होणार? सहा महिने इथं थांब. हिचा रिपोर्ट येईपर्यंत रोज हिच्यासमोर उभी राहा. आणि त्या शून्यानंतर सिरम मागवायला मी तुझी वाट बघायला नको होती. कार्डावर कुणाची सही आहे ते बघत बसलो. ती चूक माझी."

मग त्यांनी दवाखान्यातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. कुंडलिकच्या अँटिबॉडी जवळपास शून्य, इंद्रायणीच्या अगदी थोड्या, गोजरबाईच्या शून्य. कागदावर तिघं सारखीच दिसत होती. डॉक्टरांनी तिघांना एकेक डोस दिला आणि पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं.

रिपोर्ट आले त्या दिवशी ते सगळ्यांना बोलावून वाचू लागले. कुंडलिक, सातशेच्या वर. इंद्रायणी, हजाराच्या वर, त्यापुढं यंत्राने मोजलंच नव्हतं.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "सत्त्याण्णवच्या दोन डोसांची तालीम. नऊ वर्षं झाली तरी माणसं वग विसरली नाहीत."

"आन् माजं?" गोजरबाईने विचारलं.

"तुमचं अजून काही नाही, गोजरबाई. कोऱ्या पेशी आहेत, आत्ताशी शिकायला बसल्यात. दुसऱ्या डोसानंतर दिसेल."

गोजरबाईने इंद्रायणीकडं पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आठ वर्सं मी सुया उचलल्या," आणि फरशी पुसायला निघून गेली.

त्या दिवशी इंद्रायणी औषधांच्या खोलीत जाऊन बसली. तिचं अंग सगळं इमानेइतबारे जपून होतं. त्या विषाणूचा एकदा पाहिलेला चेहरा नऊ वर्षांनी ओळखून हजारांनी उभं राहिलं होतं. ती मात्र जे लख्ख आठवत होतं, तेच आठ वर्षं विसरल्याचं सोंग करत आली होती. चांगल्या पेटीतले दोन डोस तिला मिळाले आणि त्या दोघींना नाही, तेही केवळ त्या जानेवारीत लागल्या म्हणून. तिला आपल्या दंडाची लाज वाटली.

प्रयागबाईचं रक्त मात्र या मोजणीत काही सांगू शकत नव्हतं. उसन्या अँटिबॉडी त्यात मिसळलेल्या. तिच्यासाठी फक्त वाट पाहायची होती.

ते सहा महिने! प्रयागबाई कामावर येत होती, फरशी पुसत होती, पेशंटांशी थट्टा करत होती. इंद्रायणी आली की आवाज बंद. पूर्वी तिच्या डब्यातली नाचणीची भाकरी निम्मी इंद्रायणीची असायची. आता ती पाठ करून जेवायची. एकदा प्रयागबाईला दोन दिवस मळमळलं. इंद्रायणी तिच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागाकडं इतकी टक लावून पाहू लागली की प्रयागबाई खेकसली, "काय बगताय? पिवळं झालं का? घरी नवराबी असंच बगतोय. मी काय केळ्याचा घड हाये?"

दुसऱ्या डोसानंतर महिन्याने गोजरबाईचं रक्त पुन्हा तपासलं. ऐंशी. पहिल्यांदाच आकडा लागला होता. गोजरबाई जवळ येऊन म्हणाली, "आलं बाई माजं." तिच्या चार शब्दांतले तीन तिने त्या दिवशी इंद्रायणीवर खर्च केले. इंद्रायणीला रडू आलं, पण तिने ते फ्रीज उघडून त्याच्या दाराआड उरकलं.

मे महिन्यात प्रयागबाईचं शेवटचं रक्त गेलं. फोन आला तेव्हा डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. फोन इंद्रायणीला घ्यावा लागला. पलीकडचा माणूस कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "निगेटिव्ह. लागण नाही." तिने दोनदा वदवून घेतलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो वैतागला.

ती बाहेर आली. प्रयागबाई चादरी वाळत घालत होती.

"प्रयागबाई, नाही झाली कावीळ. निगेटिव्ह आलं."

प्रयागबाईने चादरीची दुसरी बाजू दोरीवर टाकली, चिमटा लावला. मग तशीच दोरी धरून उभी राहिली. खांदे हलले. इंद्रायणी पुढं गेली, पण हात लावायचं धाडस झालं नाही.

"सिरमनं का ह्या नव्या लशीनं?" प्रयागबाईने पाठमोरीच विचारलं.

"नाही सांगता येत. दोन्हींनी मिळून असेल. नाहीतर त्या सुईतून लागलंच नसेल. ते कुणालाच कळणार नाही आता."

"म्हंजी तुमी बोलला नसता तरी वाचले असते का न्हाई, तेबी कळनार न्हाई."

"नाही."

"बरं हाये," प्रयागबाई डोळे पुसत म्हणाली. "तेवढं तुमच्या डोक्यात ऱ्हाऊ दे."

चार दिवसांनी तिसरा डोस होता. डॉक्टर द्यायला आले तर प्रयागबाई अडून बसली. "सिस्टर देतील."

"नक्की?"

"त्यांनीच कार्डावर सह्या केल्यात. त्यांनीच पुरं करावं."

इंद्रायणीने फ्रीज उघडला, थर्मामीटर पाहिला, बाटली काढली. खिडकीपाशी गेली, हलवली, उजेडात धरली. सुई लावायला वळली तर प्रयागबाई हात पुढं करून उभी होती.

"माज्याकडं द्या."

तिने बाटली घेतली. स्वतःच्या हाताने हलवली, उजेडात धरली, एक डोळा बारीक केला.

"किती येळ लागतो खाली बसायला?"

"गोठलेली असेल तर अर्ध्या तासात दिसतं."

"मग ठेवू इतं." प्रयागबाईने बाटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि स्टूल ओढून समोर बसली. "तुमाला काम असंल तर जावा."

"नाही. थांबते."

इंद्रायणी शेजारी उभी राहिली. बाहेर बाजाराकडं जाणाऱ्या टोमॅटोच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. कुंडलिकने दारातून डोकावलं, तोंडावर थट्टा आलेली परत गिळली आणि गेला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. बाटलीतलं पांढरं ढिम्म हललं नाही.

"बसा की," प्रयागबाई बाटलीवरची नजर न काढता म्हणाली. "अजून वीस मिंटं हायेत."

इंद्रायणीने दुसरं स्टूल ओढलं.